सिद्ध करायचे कोणी?

बदनामीच्या कायद्याची दोन्ही टोके लोकमान्य टिळकांनी स्वतः अनुभवली. १८८२ मध्ये मुंबईत ते आरोपी होते, १९१९ मध्ये लंडनमध्ये वादी. दोन्ही वेळा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. मराठी घरांत, मग ती पुण्यातली असोत की भिलाईतली, पहिली गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि दुसरी सहसा सांगितलीच जात नाही. कायदा समजून घ्यायचा तर दुसरी जास्त कामाची आहे. पण सुरुवात पहिलीपासून करावी लागते.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतो आहे आणि त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या दोन्ही पत्रांनी छापले. आधार होता काही पत्रांचा. बर्वे यांनी फौजदारी खटला भरला आणि ती पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी चार महिन्यांची शिक्षा झालीच. काही दिवसांची सूट मिळून एकशे एक दिवस दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. त्यांचा हेतू वाईट होता असे त्यांच्या विरोधकांनीही फारसे म्हटले नाही. एका असहाय तरुणाची बाजू घ्यावी म्हणून त्यांनी लेखणी उचलली होती आणि हाती आलेल्या कागदांवर त्यांचा मनापासून विश्वास होता. पण कोर्टाला त्यांच्या विश्वासाशी कर्तव्य नव्हते. बर्वे यांनी ते केले होते का, एवढाच प्रश्न होता.

हा खटला फौजदारी होता. बदनामीचे दुसरे अंग दिवाणी आहे. कायद्याच्या भाषेत ते अपकृत्य: तुरुंग नाही, नुकसानभरपाई. फौजदारी बाजू आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होती, आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. दिवाणी बदनामीसाठी मात्र भारतात स्वतंत्र संहिता नाही. इंग्लंडच्या न्यायाधीशांनी घडवलेले नियम आपल्या न्यायालयांनी निकालांमधून थोडेफार बदलून उचलले आहेत. दोन्हींतला एक फरक पुष्कळ वकिलांच्याही बोलण्यात पुसला जातो. फौजदारीत केवळ ‘हे खरे आहे’ म्हणून सुटका होत नाही, ते सांगणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. दिवाणीत सत्य पुरे होते. खरे बोलणाऱ्याचा हेतू सूड उगवण्याचा असला तरी दिवाणी कोर्ट त्याला भरपाई द्यायला लावत नाही, कारण ज्या लौकिकाला तो माणूस मुळात पात्रच नव्हता, तो गेल्याचे पैसे मागता येत नाहीत.

इतके ऐकले की बोलणाऱ्याचे पारडे जड वाटते. ते तसे नाही, आणि त्याचे कारण पुराव्याच्या ओझ्यात आहे. वादीला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: शब्द लौकिक खालावणारे होते, ते त्याच्याबद्दल होते आणि ते तिसऱ्या कोणापर्यंत पोचले. शब्द खोटे होते हे त्याला सिद्ध करावे लागत नाही. ते खोटे आहेत असे कायदा गृहीतच धरतो आणि खरे असल्याचे सिद्ध करण्याचे काम बोलणाऱ्याच्या गळ्यात पडते. हेतू चांगला होता, चूक नकळत झाली, या सबबींनी भरपाईची रक्कम कमी होऊ शकते, जबाबदारी जात नाही.

हा नियम किती कठोर आहे ते पुण्याच्या एका दाव्यात दिसले. १० सप्टेंबर २००८ रोजी ‘टाइम्स नाऊ’ वाहिनीने गाझियाबादच्या भविष्यनिर्वाह निधी घोटाळ्याची बातमी दिली. त्यात कोलकाता उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांचे नाव होते. बातमी चालू असताना पडद्यावर जवळपास पंधरा सेकंद छायाचित्र झळकले ते न्या. पी. बी. सावंत यांचे. आडनावांच्या उच्चारातल्या साम्यामुळे झालेला घोळ. सावंत सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांवर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, असे सांगणाऱ्या १९९५ च्या निकालाचे ते एक लेखक. म्हणजे खासगी वाहिन्यांना ज्या विचाराने बळ मिळाले, तो मांडणाऱ्यांपैकीच एकाचा चेहरा एका खासगी वाहिनीने घोटाळ्याच्या बातमीला चिकटवला.

वाहिनीकडे बचाव कोणता होता? सत्याचा नाही, कारण चेहरा चुकीचा होता. टीकेचा नाही, कारण छायाचित्र हे मत नसते, ‘हाच तो माणूस’ असे ते विधान करते. न्यायालयीन किंवा तपासाच्या कामकाजाच्या वृत्तांताला संरक्षण असते, पण तो वृत्तांत अचूक असावा लागतो. तक्रार आल्यावर दिलगिरी दाखवली गेली, ती जबाबदारी पुसू शकत नव्हती. एप्रिल २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटी रुपयांच्या भरपाईचा हुकूम दिला. अपिलात मुंबई उच्च न्यायालयाने २० कोटी रोख भरायला आणि ८० कोटींची बँक हमी द्यायला सांगितले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही.

जबाबदारीबद्दल त्या निकालाशी वाद घालणे अवघड आहे. रकमेबद्दल मात्र घालायलाच हवा. पंधरा सेकंदांच्या चुकीला १०० कोटी, हा आकडा नेमक्या कोणत्या नुकसानीतून निघाला हे सांगता येत नाही. सावंतांचा लौकिक असा पक्का होता की ज्यांनी ते चित्र पाहिले त्यांतल्या बहुतेकांना ही चूक आहे हे लगेच कळले असणार. मोठी वाहिनी अशी रक्कम उभी करू शकते. दुर्ग-भिलाईत निघणारे चार पानी साप्ताहिक तिच्या हजाराव्या भागानेही बंद पडेल. कायद्यातला तोल सत्य, टीका आणि विशेषाधिकार या तीन बचावांवर उभा आहे असे पुस्तके सांगतात. प्रत्यक्षात तो निम्मा भरपाईच्या आकड्यावर आणि सिद्ध करण्याच्या खर्चावर ठरतो.

सिद्ध करण्याचा खर्च काय असतो, त्याचे उत्तर लंडनच्या खटल्यात आहे.

‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये भारतातल्या अशांततेवर पुस्तक लिहिले. टिळकांना असंतोषाचे जनक म्हणणारे, आज आपण बिरुदासारखे मिरवतो ते शब्द त्याच पुस्तकातले. पण त्यात इतरही पुष्कळ काही होते. रँडच्या आणि नाशिकच्या जॅक्सनच्या खुनाशी टिळकांचा संबंध जोडला होता, ताईमहाराज प्रकरणातल्या त्यांच्या वर्तनावर शिंतोडे होते, तालमी आणि पैसे उकळणे यांबद्दलचे आरोप होते. जॅक्सनचा खून डिसेंबर १९०९ मध्ये झाला तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. पुस्तक निघाले तेव्हाही तिथेच होते. सुटून आल्यावर त्यांनी चिरोल आणि प्रकाशक मॅकमिलन यांच्यावर लंडनमध्ये दिवाणी दावा लावला.

वरवर पाहता दावा भक्कम होता. विशेषतः ताईमहाराज प्रकरणात. खोटी साक्ष दिल्याबद्दल टिळकांना झालेली शिक्षा १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली होती, आणि त्याच प्रकरणातल्या दिवाणी वादात १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाल दिला होता. साम्राज्यातले सर्वोच्च न्यायालय ज्या माणसाला स्वच्छ ठरवते, त्याच्यावर त्याच प्रकरणावरून चिखल उडवणे इंग्लिश ज्यूरीला तरी कसे पटेल, असा हिशेब होता. टिळक सप्टेंबर १९१८ मध्ये निघाले. जानेवारी १९१९ च्या अखेरीस न्या. डार्लिंग आणि विशेष ज्यूरी यांच्यापुढे सुनावणी सुरू झाली. टिळकांकडून सर जॉन सायमन, चिरोल यांच्याकडून सर एडवर्ड कार्सन. ऑस्कर वाइल्ड यांना पिंजऱ्यात उलटतपासणीने जेरीस आणणारे ते हेच कार्सन.

चिरोल यांचा मुख्य बचाव सत्याचा होता, आणि तो कसा चालतो हे इथे बारकाईने पाहण्यासारखे आहे. सत्याच्या बचावात प्रत्येक स्वल्पविराम खरा असावा लागत नाही, आरोपाचा गाभा खरा असला की पुरते. १८६५ च्या एका इंग्लिश निकालात रेल्वे कंपनीने फलक लावला होता की विनातिकीट प्रवाशाला दंड आणि तो न भरल्यास तीन आठवड्यांची कैद झाली. खरी शिक्षा चौदा दिवसांची होती. एका आठवड्याने गाभा बदलत नाही असे ठरले. आता हेच माप टिळकांच्या आरोपांना लावा. टिळकांनी खून करवला, हे सिद्ध करणे कार्सन यांना शक्य नव्हते आणि त्यांनी ते केलेही नाही. त्यांनी ‘केसरी’चे अंक काढले. १८९७ चे लेख, १९०८ चे लेख, त्यांवरून झालेल्या राजद्रोहाच्या दोन शिक्षा. प्रश्न हळूहळू बदलत गेला. ‘या माणसाने हे केले का?’ याच्या जागी ‘हा माणूस कसा आहे?’ हा प्रश्न आला. लौकिकाचे नुकसान मागायला आलेल्याचा लौकिक मुळात किती, हे तपासण्याचा हक्क प्रतिवादीला असतोच. त्या दारातून सगळे राजकारण आत आले. युद्ध नुकतेच संपले होते, समोर ब्रिटिश ज्यूरी होती आणि न्यायाधीशांचा कल लपून राहणारा नव्हता. २१ फेब्रुवारी १९१९ रोजी निकाल चिरोल यांच्या बाजूने लागला.

आणि इथे तिसरा बचाव नकळत कामाला आला. कार्सन कोर्टात जे बोलले त्यावर टिळकांना दावा लावता आला नसता. न्यायालयात न्यायाधीश, वकील, साक्षीदार जे बोलतात त्याला पूर्ण विशेषाधिकार असतो, मग ते खोटे आणि खुनशी का असेना. वर्तमानपत्रांनी त्याचा रास्त वृत्तांत दिला तर त्यांनाही संरक्षण. म्हणजे जे आरोप पुस्तकात काही हजार लोकांनी वाचले असतील, ते आता रोज सकाळी लाखो लोकांनी वाचले, आणि ते छापणाऱ्या एकालाही हात लावता येत नव्हता. दाव्याने आरोप पुसायचे होते, दाव्यानेच ते पसरवले. प्रवास, वकील, भारतात साक्षी नोंदवण्याचे काम आणि हरल्यावर प्रतिपक्षाचाही खर्च मिळून तो सगळा सुमारे तीन लाख रुपयांच्या घरात गेला, आणि तो भरून काढायला लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली.

टिळकांवर अन्याय झाला असे म्हणता येते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण त्यातून निघणारा धडा मराठी लेखनात सहसा उलटा काढला जातो. सत्याचा बचाव ढिला ठेवल्यामुळे चिरोल सुटले, म्हणून तो आवळावा, असा तो सूर. तो बचाव आवळला असता तर पुढच्या काळात चिरोल यांच्यासारख्या लोकांना फार थोडी झळ बसली असती. झळ बसली असती ती ‘केसरी’सारख्या पत्रांना. बलवानाविरुद्ध लिहिणाऱ्याच्या हाती सत्याखेरीज हत्यार नसते. लंडनमध्ये नियम चुकला नव्हता. तो वापरणाऱ्या ज्यूरीने गाभा पाहण्याऐवजी माणूस पाहिला.

टीकेच्या बचावाचा प्रश्न वेगळा आहे आणि रोजच्या पत्रकारितेत गफलत होते ती इथेच. रास्त टीका म्हणजे सौम्य टीका नव्हे. ती तिरसट, एकांगी, अतिशयोक्त असली तरी चालते. अट एवढीच की ते मत म्हणून ओळखू यावे, विषय सार्वजनिक असावा, मत प्रामाणिक असावे आणि ज्या घटनांवर ते उभे आहे त्या खऱ्या असाव्यात. शेवटची अट सगळ्यांत जास्त लोकांना बुडवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आलेले, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेले राधेश्याम तिवारी विरुद्ध एकनाथ हे प्रकरण पाहावे. एका वृत्तपत्राच्या संपादकाने गटविकास अधिकाऱ्यावर लेखमाला चालवली: खोटे दाखले दिले, लाच घेतली, गैरमार्ग वापरले. दावा आल्यावर संपादकाला त्या घटना खऱ्या असल्याचे दाखवता आले नाही, आणि ती लोकहितासाठी केलेली टीका होती या म्हणण्यालाही आधार उरला नाही. लाच घेतली हे मत नसते. ते घडले किंवा घडले नाही.

दुर्गच्या एखाद्या रस्त्याचे उदाहरण घेतले तर रेघ दिसते. ‘हा रस्ता पहिल्या पावसात उखडला, काम दिले त्याला डांबर आणि चिखल यांतला फरक कळत नसावा’ हे छापले, रस्ता खरोखर उखडलेला असला, तर कंत्राटदाराला कितीही झोंबो, दावा टिकणे कठीण. ‘अभियंत्याने पैसे खाऊन बिल पास केले’ हे छापले तर बिल, मोजमापाची वही आणि पैशाचा माग यांतले काही तरी हाती असायला हवे. आणि ‘म्हणे’, ‘अशी चर्चा आहे’, ‘प्रश्न विचारला जात आहे’ या मुरलेल्या पत्रकारी शब्दांनी कायदा फसत नाही. अफवा सांगणारा ती अफवा खरी असल्याचे सिद्ध करायला बांधलेला असतो. अफवा आहे एवढे सिद्ध करून भागत नाही.

विशेषाधिकार हा शब्द ऐकला की लोकांना आमदार-खासदार आठवतात. सभागृहात बोललेल्या शब्दावर दावा लागत नाही, हे संविधानातच आहे. पण सामान्य माणसाच्या कामाचा आहे तो मर्यादित विशेषाधिकार. सांगणाऱ्याला ते सांगण्याचे कर्तव्य किंवा हितसंबंध असावा आणि ऐकणाऱ्याला ते ऐकण्याचा, एवढी त्याची घडण. ती नीट पाळली तर मजकूर चुकीचा निघाला तरी माणूस वाचतो, फक्त मनात आकस असता कामा नये.

समजा, भिलाई इस्पात संयंत्रात काम करणाऱ्या एकाला संशय आहे की भंगार उचलणारा ठेकेदार वजनकाट्यावर गडबड करतो आहे. तो तारीख, गाडीचा नंबर आणि काट्याच्या दोन पावत्यांतला फरक लिहून व्हिजिलन्सकडे अर्ज देतो. चौकशीत निघते की दुसरी पावती दुसऱ्याच गाडीची होती. ठेकेदाराने दावा लावला तरी त्या माणसाचा बचाव बळकट आहे: तक्रार नेमक्या त्या खात्याकडे गेली ज्याचे कामच ती ऐकणे आहे. आता त्याच अर्जाचा फोटो त्याने सेक्टरच्या चारशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला असता तर? त्या चारशेंत शाळकरी मुले, दुकानदार, ठेकेदाराचे व्याही. त्यांना वजनकाट्याशी काय देणेघेणे? विशेषाधिकार तिथेच संपला, आणि उरले फक्त सत्य, जे दुसऱ्या गाडीच्या पावतीने आधीच गेले आहे. शब्द तेच, कागद तोच. आणि व्हिजिलन्सला लिहिताना ठेकेदाराशी जुने भाडे-वसुलीचे भांडण होते, ‘याला आता दाखवतोच’ असे तो चार लोकांसमोर बोलला होता, असे पुढे आले तर आकस सिद्ध होऊन अर्जाचेही कवच फुटू शकते.

सार्वजनिक अधिकाऱ्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये, ऑटो शंकरच्या आत्मकथेवरून उभ्या राहिलेल्या राजगोपाल प्रकरणात, पुराव्याचे ओझे थोडे सरकवले. अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दलचा मजकूर असेल तर तो चुकीचा निघाला तरी भरपाई मागता येणार नाही, जोवर सत्याची बेपर्वाई करून तो छापला हे अधिकारी दाखवत नाही. शक्य तेवढी पडताळणी केली होती, एवढे प्रकाशकाने दाखवले की पुरते. म्हणजे १९८५ च्या त्या गटविकास अधिकाऱ्याचा दावा या कसोटीवर वेगळ्या वळणाने गेला असता: संपादकाने लाचेचा पुरावा आणला का, याआधी त्याने छापण्यापूर्वी काय काय तपासले हे विचारले गेले असते. या निकालाला तीन दशके उलटली, पण जिल्हा न्यायालयांतल्या कैफियतींमध्ये तो अजून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, सवयीने टाकलेल्या एका परिच्छेदात असतो.

बोलणाऱ्याला खरा मार बसतो तो मात्र निकालाआधी. दावा लागताच वादी तात्पुरता मनाई हुकूम मागतो आणि मजकूर उतरवून घेतो. खटला पुढे दहा वर्षे चालो. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग आणि झी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने असा एक हुकूम रद्द केला आणि खालच्या न्यायालयांना बजावले की मजकूर उघड खोटा किंवा दुष्ट हेतूचा असल्याखेरीज सुनावणीपूर्वी तोंड बंद करू नये. प्रतिवादी सत्य सिद्ध करायला तयार आहे म्हणतो तेव्हा त्याला ती संधी द्यावी, हा इंग्लिश न्यायालयांचा १८९१ पासूनचा शिरस्ता आहे.

दुर्गच्या न्यायालयात असा दावा लावणाऱ्याला मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाची मुदत असते. जिथे लौकिकाला धक्का बसला तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे, दोन्हींपैकी एक न्यायालय तो निवडू शकतो, आणि मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात त्याला कोर्ट फी भरावी लागते. भलीमोठी रक्कम लिहायचा मोह त्यामुळे थोडा आवरतो, निदान ज्याला ती फी खिशातून द्यावी लागते त्याचा. ज्याच्यासाठी फी हा धंद्याचा एक खर्च आहे, तो पुण्यापासून गुवाहाटीपर्यंत कुठलेही न्यायालय निवडून साप्ताहिकाच्या संपादकाला तारखांना बोलावू शकतो. संपादकाच्या पिशवीत सगळे पुरावे असले, तरी रेल्वेचे तिकीट त्यालाच काढावे लागते.